धागा : लोणच्याचं तेल, चिंचेचे डाग आणि कापडी पिशव्या

मधुरा_क
मंडळी, मदत हवी आहे. माहेरून (रत्नागिरीजवळ) एसटीनं येताना आईने मांजरपाटाच्या जाड पिशवीत कैरीच्या लोणच्याची बरणी आणि मीठ लावून ठेवलेल्या चिंचेचे गोळे दिले होते. बरणीला दादरा बांधलेला, वर झाकण, तरी घाटात तेल पाझरलंच. त्यात चिंचेची प्लास्टिकची पिशवी फाटली आणि दमट हवेत मिठाने चिंचेलाही पाणी सुटलं. आता पिशवीच्या तळाला मोठा तपकिरी डाग आहे, त्याच्याभोवती तेलाचं पिवळं-नारिंगी वर्तुळ आणि एका बाजूला नुसतंच तेल. पिशवी कोरी, क्रीम रंगाची, एका बाजूला छापील अक्षरं आहेत. आईने हाताने शिवलेली आहे म्हणून टाकायची नाहीये.

दुसरं म्हणजे ओट्यावरचे पांढरे सुती नॅपकिन. आमच्याकडे आमटीला रोज चिंचगूळ, त्यामुळे कोळाचे हात पुसून पुसून ते मळकट तपकिरी झालेत, आणि काहींवर काळपट-राखाडी ठिपके पण आलेत, ते बुरशीचे वाटतात.

पिशवीला अजून पाणी लावलेलं नाही, साबणही नाही. आधी काय करू? तेल आधी की चिंच आधी?

सुनंदाकाकू
मधुरा, पाणी लावलं नाहीस हे फार चांगलं केलंस. तेलाच्या जागेवर दोन्ही बाजूंनी डाळीचं पीठ किंवा टाल्कम पावडर भरपूर दाब आणि रात्रभर राहू दे, सकाळी झटकून टाक, पीठ पिवळं झालेलं दिसेल म्हणजे तेल ओढून घेतलंय. मग साबण आणि कडक ऊन. आम्ही वर्षानुवर्षे दादऱ्याची फडकी अशीच धुतो. हळदीला उन्हासारखं औषध नाही गं.

पक्या_दादरकर
बरणीला दादरा, पिशवीला काहीच नाही. पुढच्या वेळी पिशवीलाही बांधा दादरा 😄

रोहन_ब
एवढं काय त्यात. उकळतं पाणी, त्यात ब्लीच टाका आणि थोडं व्हिनेगर घाला म्हणजे ब्लीचची ताकद वाढते, अर्ध्या तासात पांढरं शुभ्र. हॉस्टेलमध्ये टीशर्टवरची सांबाराची चिंचही निघायची.

इचलकरंजीकर
रोहन, थांब. मधुराताई, हे अजिबात करू नका. साधं घरगुती ब्लीच आणि कुठलंही आंबट, म्हणजे व्हिनेगर, लिंबू, चिंचेचा कोळसुद्धा, एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये खोकून खोकून हाल होतात, दमेकऱ्याला तर दवाखाना गाठावा लागतो. चिंचेने भिजलेल्या कापडावर ब्लीच ओतणं म्हणजे तेच, व्हिनेगर वेगळं घालायचीही गरज नाही. आधी चिंच पूर्ण धुवून काढायची, मगच पुढचा विचार.

मी प्रोसेस हाऊसमध्ये कापड धुण्या-ब्लीच करण्याच्याच कामात आहे, म्हणून आणखी एक सांगतो. तुमची पिशवी मांजरपाट आहे ना, तिचा तो क्रीम रंग म्हणजे कापसाचा मूळ रंग, आम्ही येणाऱ्या कोऱ्या मालाला ग्रे म्हणतो. त्यात कापसाचं नैसर्गिक मेण असतं, सरकीच्या टरफलाचे बारीक ठिपके असतात, मागावर लावलेली खळ असते. अशा कापडावर ब्लीच टाकलं तर डाग जाईल पण त्या जागी पांढरा ठिगळ उमटेल. तो ठिगळ परत क्रीम करता येत नाही. म्हणून पिशवीसाठी ब्लीच बाद. नॅपकिन पांढरे आहेत, त्यांचं गणित वेगळं.

बाकीचं संध्याकाळी नीट लिहितो, पाळी संपू दे.

मधुरा_क
बापरे, ठिगळाचं माहीतच नव्हतं. काकू, पीठ आत्ताच दाबलं. दादा, वाट बघते.

अनघा_फोंडा
आमच्याकडे गोव्यात चिंचेपेक्षा भिरंडांचा त्रास. सोलकढी सांडली की टेबलक्लॉथवर गुलाबी डाग आणि साबण लावला की तो चक्क निळसर होतो! मी तर स्टीलच्या डब्यांनासुद्धा रस चोळते. कोणी सांगेल का डब्यांचा पिवळेपणा कसा काढायचा?

पक्या_दादरकर
अनघाताई, धागा कापडाचा आहे, डबे पुढच्या धाग्यावर न्या 😀

अनघा_फोंडा
हो हो, गडबड झाली. पण कापडावर आंबटाचा डाग साबणाने रंग बदलतो, ते काय आहे ते तरी सांगा.

इचलकरंजीकर
अनघाताईंनी नकळत मुद्द्यालाच हात घातलाय. साबण-सोडा हे आम्लाच्या उलट, त्यामुळे काही रंग साबण लागताच बदलतात. आमसुलाचा निळसर होतो, हळदीचा लालभडक. लोणच्याच्या डागावर साबण लावल्यावर लाल दिसलं की घाबरू नका, डाग वाढलेला नसतो. हळदीत चुना घालून कुंकू करतात तीच गोष्ट. साबण धुवून गेला की परत पिवळा दिसतो. बरेच जण इथे घाबरून कापड ब्लीचमध्ये बुडवतात किंवा उकळतं पाणी ओततात.

आता मधुराताईंच्या पिशवीचं. तीन वेगळे डाग एकावर एक बसलेत. तेल, त्या तेलात विरघळलेले हळद-तिखटाचे रंग, आणि चिंच. चिंचेत आंबटपणा आहे तसा तुरटपणाही आहे आणि तपकिरी रंग त्या तुरट भागाचा. या तुरटाला सुती कापड फार आवडतं. आमच्या व्यवसायात हिरड्याचा तुरटपणा याच कामासाठी वापरतात, सुताला हिरड्याच्या पाण्यात बुडवलं की पुढचा रंग धरायला सोपं जातं, कलमकारीचं कापड असंच तयार होतं. म्हणजे चिंच हा आयता रंगच आहे म्हणा. त्याला गरम पाणी आणि कपड्याची वडी मिळाली की तो गडद होऊन धाग्यात मुरतो.

तेव्हा तेल आधी की चिंच आधी, याचं उत्तर असं की ज्या जागी दोन्ही आहेत तिथे तेल आधी. तेलाने भरलेल्या धाग्यात पाणी शिरतच नाही, मग चिंच धुणार कशी? पण तेल काढायला वडी नको, तिच्यात सोडा असतो. भांडी घासायचं लिक्विड घ्या, ते तेल सोडवतं आणि चिंचेला तेवढं चिडवत नाही. जिथे नुसती चिंच आहे तिथे साधं गार पाणी, मागच्या बाजूने, नळाच्या धारेखाली.

क्रम असा करा. पीठ झटकून झाल्यावर, कापड कोरडं असतानाच लिक्विडचे थेंब तेलाच्या जागेवर टाका, बोटाने किंवा जुन्या दात घासायच्या ब्रशने हलके चोळा, कडेकडून मध्याकडे. पंधरा-वीस मिनिटं तसंच. मग कोमट पाण्याने मागच्या बाजूने धुवा. कापड ओलं करून वर लिक्विड टाकलं तर ते पातळ होतं आणि तेलापर्यंत पोचत नाही, लोक इथेच चुकतात. सुकू द्या आणि मग डागाच्या जागी पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब लगेच कापडात जिरला तर तेल गेलं. नुसता गोल बसून राहिला तर तेल आहे, परत लिक्विड. फक्त एक लक्षात ठेवा, नव्या कोऱ्या मांजरपाटावर मेणामुळे थेंब एरवीही बसतो, म्हणून त्याच पिशवीच्या स्वच्छ कोपऱ्यावर दुसरा थेंब टाकून तुलना करा.

इस्त्री मात्र सगळा डाग गेल्याशिवाय फिरवू नका. उष्णतेने तेल आणि हळद दोन्ही घट्ट बसतात.

वैदर्भी
थेंबाची परीक्षा भारी आहे. आमच्याकडे मे महिन्यात नुसतं वाळत टाकलं तरी हळद उडून जाते, पण लाल रंगाची ओढणी पण उडून गेली होती 😭

तात्या_सांगली
आमच्या वेळी रॉकेल होतं. तेलाच्या डागावर रॉकेलचा बोळा फिरवला की काम फत्ते. नाहीतर चुलीची राख, राखेत दम असतो. आणि रेशमी असेल तर रिठ्याचं पाणी. आता रॉकेलही गेलं आणि चुलीही.

इचलकरंजीकर
तात्या, तुमचं खरं आहे. रॉकेल तेल विरघळवतं आणि राखेत सोड्यासारखाच क्षार असतो. पण पिशवीत पुन्हा खायच्या वस्तू जाणार, रॉकेलचा वास आठवडाभर जात नाही, शिवाय तसं कापड गॅसजवळ वाळत टाकणं धोक्याचं. राख तेलावर चालेल पण चिंचेवर नको, वडीसारखीच गडद करेल. रिठा मऊ, रेशमाला उत्तम, पण लोणच्याच्या तेलापुढे कमी पडतो.

तात्या_सांगली
रिठ्याला कमी म्हणू नका हो. आमच्या मंडळींची पैठणी त्यावर टिकलीय. बाकी मान्य.

शमा_न्यूजर्सी
इथे परदेशातल्या मैत्रिणींसाठी एक लिहिते. आम्ही सगळं ड्रायरमध्ये टाकतो. तेल नीट न निघालेले किचन टॉवेल ड्रायरमध्ये गरम झाले आणि घडी घालून ढीग करून ठेवले तर पेट घेऊ शकतात, हे इथे यंत्राच्या पुस्तिकेतच लिहिलेलं असतं. मी तेलकट टॉवेल बाहेर किंवा रॅकवरच वाळवते. आणि डाग पण ड्रायरने पक्का होतो, इस्त्रीसारखाच.

सुनंदाकाकू
अगंबाई, हे कधी ऐकलं नव्हतं. आमच्याकडे तर दोरीच बरी.

लोणचीवाली_नीता
माझा लोणच्यांचा घरगुती व्यवसाय आहे, बरण्या मांजरपाटाच्या छापील पिशवीतून देते, त्यामुळे हा धागा वाचतच बसले. मला विचारायचंय की मोहरीच्या तेलाचा डाग शेंगदाणा तेलापेक्षा जास्त चिवट असतो का? बिहारी मैत्रिणीला त्यांचं लोणचं करून दिलं तेव्हा तिची पिशवी धुतल्यावर पण पिवळी राहिली आणि काही दिवसांनी वास यायला लागला.

इचलकरंजीकर
नीताताई, मोहरीचं कच्चं तेल मुळातच गडद पिवळं आणि उग्र वासाचं, त्यामुळे डाग आणि वास दोन्ही जास्त जाणवतात. चिवटपणा मात्र तेलाच्या जातीपेक्षा ते किती दिवस कापडात राहिलं यावर जास्त. तेल हवेत राहिलं की खवट होतं, मग हळूहळू चिकट, घट्ट होतं. अगदी जवसाच्या तेलासारखं सुकत नाही पण महिनाभराचा डाग लिक्विडला दाद देत नाही. तुमच्या मैत्रिणीला तो खवट वास येत होता, म्हणजे तेल राहून गेलं होतं.

रोहन_ब
ओके ब्लीचचं मान्य, जीव वाचवल्याबद्दल धन्यवाद 🙏 पण मग हळदीवर व्हिनेगर चालतं ना? मी पाहिलंय, साबणाने लाल झालेला डाग व्हिनेगर टाकल्याबरोबर गायब होतो.

इचलकरंजीकर
गायब होत नाही, लाल परत पिवळा होतो, आणि पिवळा पांढऱ्या कापडावर कमी दिसतो म्हणून वाटतं गेला. उद्या परत साबण लावलास की परत लाल होईल. हेच उलटं वापरता येतं म्हणा, डाग हळदीचा आहे की नाही बघायचं असेल तर साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाकायचा. लाल झाला तर हळद. तपकिरी गडद झाला तर चिंच.

चिंचेला मात्र व्हिनेगर खरंच उपयोगी आहे. गार पाण्याने धुतल्यावर जो तपकिरी उरतो त्यावर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी मिसळून अर्धा तास ठेवा, आणि मग धुवा. फिका होईल. लिंबाचा रस पण चालतो.

पक्या_दादरकर
म्हणजे चिंचेचा डाग आंबटाने काढायचा. काट्याने काटा!

मधुरा_क
चला, माझा अहवाल. पीठ झटकलं तर ते खरंच पिवळं आणि थोडं नारिंगी झालं होतं. मग कोरड्या पिशवीवर लिक्विड, ब्रश, वीस मिनिटं. लाल झालं! घाबरले असते पण दादांनी सांगितलेलं वाचलेलं होतं. कोमट पाण्याने धुतलं तर पिवळा. सुकल्यावर थेंबाची परीक्षा केली, मध्यभागी जिरला पण शिवणीवर बसून राहिला, स्वच्छ कोपऱ्यात मात्र सगळीकडे जिरत होता, म्हणजे शिवणीत तेल शिल्लक होतं. शिवण दुहेरी आहे आणि आत तेल अडकलं होतं, तिथे परत लिक्विड घालून दोन बोटांत चोळलं तेव्हा जिरायला लागला.

चिंचेच्या जागी गार पाणी, मग व्हिनेगर. बराच फिका झाला पण गेला नाही. आणि हळदीचं फिकट पिवळं राहिलंय. इथे पुण्यात आता पाऊस, ऊन नाही. काय करू?

सुनंदाकाकू
थांब जरा. लोणच्याचा हंगाम आणि पाऊस एकाच वेळी येतो, हे दरवर्षीचं दुखणं. मी पिशव्या-फडकी तेल काढून धुवून ठेवते आणि श्रावणातलं ऊन पडलं की वाळत टाकते. तेल गेलं असेल तर हळदीला घाई नाही.

इचलकरंजीकर
काकू बरोबर बोलल्या. तेल गेलं की हळद जाते, ती उजेडाने विरघळल्यासारखी होते. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उजेडानेही फिकी होते, नुसता वेळ जास्त लागतो. ओलं कापड उजेडात ठेवलं तर अजून बरं, म्हणून मधूनमधून पाणी शिंपडा.

घाई असेल तर सोडियम परकार्बोनेट, ऑक्सिजन ब्लीच म्हणून मिळतं, पांढरी पूड. चार-पाच लिटर गरम पाण्यात, हात सहन होईल त्यापेक्षा थोडं जास्त गरम, साधारण ५०-६० अंश, एक ते दोन मोठे चमचे टाकून कापड तासभर बुडवा. गार पाण्यात ते नीट कामच करत नाही. पाणी बंद बाटलीत भरून ठेवू नका, वायू सुटून बाटली फुगते. पण मघाशी सांगितलेलं लक्षात ठेवा, मांजरपाटही त्याने थोडा उजळतो, क्लोरीनएवढा नाही तरी उजळतो. म्हणून पूर्ण पिशवी बुडवा, एकाच जागी लावू नका, सगळी सारखीच उजळली की वेगळी दिसत नाही. छापील अक्षरांचा रंग आधी आतल्या कोपऱ्यात तपासा. रेशीम आणि लोकरीला हे चालत नाही.

लोणचीवाली_नीता
छापील अक्षरांचं मात्र मला वेगळंच वाटतं. माझ्या पिशव्यांची छपाई परकार्बोनेटमध्ये फिकी झाली, आणि ती आधी कोपऱ्यात तपासूनच टाकली होती. मधुराताई, जिव्हाळ्याची पिशवी आहे, मी तर उन्हाची वाट बघेन.

इचलकरंजीकर
शक्य आहे, छपाईची शाई कुठली ते दिसून कळत नाही. कोपऱ्यात छपाईच नसेल तर तपासल्याचा काय उपयोग, अक्षराच्याच एका टोकाला थेंब लावून बघायला हवं. तरी घाई नसेल तर काकू आणि तुम्ही म्हणता तेच सुरक्षित.

शमा_न्यूजर्सी
मी तर परकार्बोनेटवर खूश आहे, पण माझे टॉवेल पांढरेच असतात, ते मोजायचं.

मधुरा_क
ठरलं, पिशवी उन्हाची वाट बघणार, खिडकीत. आता नॅपकिनचं बोलू. ते काळपट ठिपके बुरशीचेच ना? कारण मी त्यांना साधं ब्लीच घातलं तर ते ठिपके उलट पिवळट-तांबूस झाले, गेले नाहीत.

अनघा_फोंडा
पावसात आमचे टॉवेल काळे होतात ती बुरशीच असते. गोव्यात जून ते सप्टेंबर घरात काहीच वाळत नाही.

इचलकरंजीकर
मधुराताई, तुम्ही विळीवर कैरी किंवा चिंच कापता का? आणि विळी कशाने पुसता?

मधुरा_क
चिंच फोडायला विळी आहे आईची, लोखंडी, धार चांगली म्हणून. पुसते त्याच नॅपकिनला! का?

इचलकरंजीकर
मग ती बुरशी नाही. लोखंड आणि तुरट एकत्र आलं की काळा रंग तयार होतो. जुन्या काळची शाई अशीच करत, हिरडा आणि लोखंडाचं पाणी मिसळून. कैरी लोखंडी विळीवर चिरली की फोडी काळ्या पडतात ते बघितलं असेल, तेच तुमच्या नॅपकिनवर झालंय. विहिरीच्या किंवा बोअरच्या लोहयुक्त पाण्याने, किंवा गंजक्या खिळ्यावर ओला नॅपकिन टांगला तरी असंच होतं. फरक ओळखायचा तर बुरशी ओलसर जागी कुठेही पसरट, ठिपक्यांचा घोळका होऊन येते आणि कुबट वास मारते. हे डाग पुसल्याच्या जागेवर रेघेसारखे असतात. तुमचं ब्लीच लोखंडाला अजून गंजवतं, म्हणून तांबूस झालं.

वैदर्भी
अहो थांबा, म्हणजे आमच्या विळीच्या खालच्या फडक्यावरचे काळे डाग पण हेच? आई त्याला काळं जादू म्हणते 😂

इचलकरंजीकर
हो, तेच. त्यावर लिंबाचा रस आणि मीठ. अर्धं लिंबू डागावर पिळा, वर मीठ चोळा, कोरडं होऊ न देता तास-दोन तास ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. ऊन असेल तर आणखी बरं. काळं फिकं होऊन जातं, राहिलं तर परत. लिंबूसताची पूड पाण्यात विरघळवून घेतलीत तर खर्च कमी येईल, एक लिटरला दोन चमचे पुरे. ब्लीच आधी वापरलंय म्हणता, तर लिंबू लावण्याआधी नॅपकिन खूप वेळा धुवा, उरलेल्या ब्लीचवर लिंबू नको.

मग उरलेली नुसती तपकिरी चिंच, तिच्यासाठी वर सांगितलेलं परकार्बोनेट. पांढऱ्या सुती नॅपकिनना ते ठीक आहे. शेवटी धुण्याचा सोडा टाकून उकळू शकता, पण लोखंड आणि चिंच गेल्यावरच, आधी नाही.

तात्या_सांगली
लोखंडी विळी कोरड्या फडक्याने पुसून तेलाचं बोट फिरवावं, हा आमच्या आईचा नियम होता. तिला हे सगळं कसं ठाऊक होतं कुणास ठाऊक.

मधुरा_क
तात्या, आजपासून विळीचं वेगळं फडकं. लिंबू-मीठ लावलं, रेघांचे काळे डाग फिके होत आहेत, एक-दोन नॅपकिनवर जुने आहेत तिथे राखाडी छटा अजून आहे. तांबूस झालेले मात्र निघतच नाहीत.

इचलकरंजीकर
तांबूस म्हणजे गंज, तो लिंबाला हळू दाद देतो. ऑक्झॅलिक अॅसिडने जातो, पण ते विषारी, स्वयंपाकघरात नकोच. लिंबूसताचं पाणी गरम करून त्यात भिजवा, तेवढं पुरतं बहुतेक वेळा. नाहीच गेलं तर त्या नॅपकिनला ओटा पुसायला ठेवा.

रोहन_ब
सॉफ्टनर टाकला तर मऊ पण होतील आणि वासही जाईल.

सुनंदाकाकू
नॅपकिनला सॉफ्टनर नको बाळा, मग पाणी टिपत नाहीत. भांडी पुसायला घेतलेस की नुसते फिरतात.

शमा_न्यूजर्सी
+१ काकू. आणि कोळाचे हात नॅपकिनला पुसण्याआधी नळाखाली धरायचे, ही सवय लावली की निम्मं काम संपतं, पण माझ्या घरात कुणी ऐकत नाही.

लोणचीवाली_नीता
इचलकरंजीकर दादा, एक शेवटचं. माझ्याकडे जुन्या पिशव्यांचा गठ्ठा आहे, सगळ्यांना खवट वास, डाग नाहीत फारसे. छापील नाहीत. सोड्यात उकळल्या तर चालतील?

इचलकरंजीकर
चालतील, तेलाला आणि खवट वासाला सोडाच पाहिजे. आधी कोरड्यावर लिक्विड लावून धुवून घ्या, नाहीतर सुटलेलं तेल पाण्यावर तरंगून परत दुसऱ्या पिशवीला लागतं. मग पाच लिटर पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा, पंधरा-वीस मिनिटं हलकं उकळा, पाणी मळकट पिवळं होईल ते ओतून द्या, दुसऱ्या स्वच्छ पाण्यात परत धुवा. मांजरपाट पहिल्या उकळीत आटतो आणि थोडा मऊ पडतो, ते गृहीत धरा. सगळ्यात आधी एकच पिशवी उकळून मापून बघा, मोठ्या बरण्यांसाठीच्या असतील तर आटल्यावर बरणी आत जाते की नाही ते बघायला हवं.

लोणचीवाली_नीता
बरण्यांचं खरंच लक्षात आलं नव्हतं. एकच टाकून बघते, आणि कळवते.